‘करण्यात आले’ काढायचे, पण प्रयोग तसाच ठेवायचा: शोधनिबंधातल्या ‘पद्धती’ विभागाचे मराठी

कृत्तिका_न

नमस्कार मंडळी. एका मराठी विज्ञान त्रैमासिकासाठी मी सध्या एका इंग्रजी शोधनिबंधाचा अनुवाद करते आहे. निर्गुडीच्या पानांचा अर्क स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर चालतो का, असा विषय आहे. प्रस्तावना आणि निष्कर्ष फारसा त्रास न देता मराठीत आले. घोडे अडले आहे ते ‘मटेरियल्स अँड मेथड्स’पाशी. इंग्रजीत प्रत्येक वाक्य ‘वॉज’ नाहीतर ‘वेअर’ने बांधलेले. आधीच्या अनुवादकाचा जो कच्चा मसुदा माझ्या हाती आला, तो असा:

> निर्गुडीची पाने गोळा करण्यात आली, वाहत्या पाण्याने धुण्यात आली आणि सावलीत वाळवली गेली. ५० ग्रॅम पूड २५० मिली ७० टक्के इथेनॉलमध्ये ४८ तासांसाठी अधूनमधून हलवण्यासह मुरवण्यात आली. अर्क गाळण्यात आला आणि कमी दाबाखाली ४० अंश सेल्सिअसवर संहत करण्यात आला. १ ग्रॅम शुष्क अर्काचे आकारमान डीएमएसओद्वारे १० मिलीपर्यंत करण्यात आले. जिवाणूंचे निलंबन ०.५ मॅकफारलंड मानकाशी समायोजित केले गेले. प्लेट्सना निलंबनाने पुसण्यात आले, ६ मिमी व्यासाच्या विहिरी पाडण्यात आल्या व प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर अर्क टाकण्यात आला. प्लेट्सना ३० मिनिटांसाठी खोलीच्या तापमानाला विसरणाची अनुमती देण्यात आली व ३७ अंशांवर २४ तासांसाठी उबवण्यात आले. प्रतिबंध क्षेत्रांचा व्यास उपचारांप्रति आंधळ्या निरीक्षकाद्वारे मोजण्यात आला. सर्व प्रयोग तिप्पट प्रमाणात करण्यात आले आणि तीनदा पुनरावृत्त केले गेले.

अंकाचे वाचक म्हणजे बहुतेक बी.एस्सी.ची मुले आणि महाविद्यालयातले शिक्षक. यातले काही जण प्रयोगशाळेत हे करूनही बघतील, म्हणून वाक्य सुटसुटीत करताना प्रयोग बदलला तर चालणार नाही. संपादकांचे म्हणणे, “वाचताना माणूस दमतो.” ते खरे आहे. कुठपर्यंत सोपे करू?

---

शब्दवेल्हाळ

मराठीला कर्मणीची ही जडशीळ रचना मुळातच परकी आहे. सरकारी परिपत्रकांनी ती आपल्या गळ्यात बांधली. उपाय सोपा आहे: सगळी वाक्ये उलटवा आणि ‘करावे’त आणा. शिवाय ‘ऊन’ लावला की चार वाक्यांचे एक होते. बघा:

“निर्गुडीची पाने धुऊन सावलीत वाळवावीत. ५० ग्रॅम पूड २५० मिली ७० टक्के इथेनॉलमध्ये घालून, हलवून ४८ तास ठेवावी. गाळून आटवावी. १ ग्रॅम अर्क १० मिली डीएमएसओमध्ये विरघळवावा. जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफारलंडपर्यंत पातळ करावे. प्लेटवर पसरून भोके पाडून अर्क घालावा. अर्ध्या तासाने ३७ अंशांवर ठेवावे.”

निम्म्या शब्दांत काम झाले. एकही ‘करण्यात आले’ नाही.

---

आडगावकर

शब्दवेल्हाळ साहेब, फार सोपे लिहिले आहे, धन्यवाद. माझी अडीच एकर डाळिंबाची बाग आहे, तेल्याने हैराण आहे. निर्गुडी आमच्या बांधाला भरपूर आहे, दशपर्णी अर्कात घालतोच. हा अर्क १५ लिटरच्या पंपाला किती घ्यावा? ७० टक्के इथेनॉल कुठे मिळेल? आणि सावलीत किती दिवस वाळवावीत?

---

परीक्षानळी

आडगावकर, तुमचे उत्तर आधी देतो. फवारणीसाठी हे काहीही करू नका. ७० टक्के दारूतला अर्क पानांवर मारलात तर पाने करपतील. हा प्रयोग माणसाच्या त्वचेवर सापडणाऱ्या जिवाणूवर, काचेच्या बशीत केलेला आहे. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास, तो वेगळा. बशीत वर्तुळ दिसले म्हणून झाडावर गुण येतो असे नसते. तेल्यासाठी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीच बघा.

पण मंडळी, आडगावकरांनी जे विचारले त्यात या धाग्याचे अर्धे उत्तर आहे. कृत्तिकाताईंचा मसुदा वाचून त्यांनी मात्रा विचारली नाही. ‘करावे’ वाचल्यावर विचारली. ‘पाने वाळवावीत’ म्हटले की ती कृती होते, शिफारस होते. निबंधाचे लेखक ‘असे करा’ म्हणत नाहीत. ‘आम्ही त्या वेळी असे केले’ एवढीच साक्ष ते देतात. त्यांच्या पद्धतीत खोट असेल तर ती खोटही अनुवादात तशीच दिसली पाहिजे. ‘करावे’ने ती झाकली जाते. तेव्हा भूतकाळ सोडायचा नाही, हे पहिले.

दुसरे, भूतकाळ ठेवूनही ‘करण्यात आले’ लागत नाही, कारण मराठीची घडणच तशी आहे. ‘पाने धुतली.’ कोणी धुतली? वाक्य सांगत नाही, आणि अडतही नाही. क्रियापद पानांशी जुळले आहे, धुणाऱ्याशी नाही. इंग्रजीला कर्ता गाळायचा असेल तर ‘वेअर वॉश्ड’ असे वळण घ्यावे लागते. आपल्याला भूतकाळात ते वळण घ्यावे लागत नाही. ‘पाने धुतली, सावलीत वाळवली, पूड केली.’ यात ‘आम्ही’ नाही, ‘द्वारे’ नाही, आणि अर्थ काडीचाही हललेला नाही. शब्दवेल्हाळ, कर्मणी परकी असे तुम्ही म्हणालात, पण ही रचना कर्मणीच आहे आणि अस्सल घरची आहे. परका आहे तो ‘करण्यात येणे’चा सोस.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. तुमच्या आवृत्तीत ‘हलवून ४८ तास ठेवावी’ आहे. मूळात ‘विथ इंटरमिटंट शेकिंग’ असणार. ‘हलवून ठेवली’ म्हणजे एकदा हलवली आणि मग ४८ तास हात लावला नाही. ‘अधूनमधून हलवत ४८ तास ठेवली’ म्हणजे त्या ४८ तासांत हलवणे चालू होते. ‘ऊन’ आणि ‘त’ एवढाच फरक, पण प्रयोग दोन झाले. न हलवता पूड तळाशी बसते, तिच्याभोवतीचे इथेनॉल लवकर संपृक्त होते आणि अर्क कमी उतरतो. विद्यार्थ्याने तुमचे वाचून केले, वर्तुळ लहान आले, तर तो निर्गुडीला दोष देईल.

---

शब्दवेल्हाळ

‘करावे’बद्दल पटले. आडगावकरांनी मला पुरावाच दिला, तो नाकारून चालणार नाही. हलवत/हलवून हेही मान्य. पण मग ‘ऊन’ अजिबात वापरायचाच नाही का? तो काढला तर मराठी गद्य तुटक होते. ‘धुतली. वाळवली. दळली. गाळला.’ अशी तारेची भाषा कोण वाचणार?

---

परीक्षानळी

वापरायचा, जरूर वापरायचा. ‘ऊन’ला दोन सवयी आहेत, तेवढ्या सांभाळायच्या.

पहिली: तो क्रम ठरवून टाकतो. ‘पाने धुऊन वाळवली’ इथे क्रम उघड आहे, काही प्रश्न नाही. आता प्लेटचे वाक्य घ्या. इंग्रजीत दोन कामे नुसत्या ‘अँड’ने जोडली असतील, म्हणजे जिवाणू पसरले आणि वेल, म्हणजे मसुद्यातल्या ‘विहिरी’, पाडल्या, तर आधी कोणते? बहुतेक जण आधी पसरतात, मग वेल पाडतात, म्हणजे पसरताना बोळा वेलमध्ये अडकत नाही. पण निबंधात क्रम स्पष्ट नसेल तर ‘पसरून पाडल्या’ लिहिणे म्हणजे आपण आपल्या प्रयोगशाळेचा क्रम त्यांच्या तोंडी घालणे. तिथे साधा ‘आणि’ बरा. तो मूळाइतकाच मोघम राहतो.

दुसरी सवय: ‘ऊन’ कधीकधी रीत सांगतो. ‘गरम करून विरघळवले’ म्हटले की वाचणारा समजतो, उष्णतेने विरघळवले. मूळात ‘हीटेड अँड देन डिझॉल्व्ड’ असेल, म्हणजे पूड आधी तापवून कोरडी केली आणि नंतर गार पाण्यात घातली, तर आपण चक्क दुसरीच क्रिया लिहिली. अशा ठिकाणी ‘आधी तापवली, मग पाण्यात विरघळवली’ असे दोन तुकडे करायचे. वाक्य लांबले तरी हरकत नाही.

आणि ताई, ‘प्लेट्सना पुसण्यात आले’, ‘प्लेट्सना उबवण्यात आले’ यातला ‘ना’ काढा. मराठीत निर्जीव वस्तूला कर्म म्हणून ‘ला’ लावायची गरज नसते. उंदरांना औषध दिले, पण प्लेट्स ठेवल्या. हा एक ‘ना’ काढला की क्रियापद आपोआप प्लेट्सशी जुळते आणि वाक्य लगेच मराठी वाटू लागते.

---

राइनकाठी

मी जर्मनीत औषधचाचण्यांच्या कागदपत्रांचा मराठी अनुवाद करते, त्यामुळे हा वाद रोजचा आहे. परीक्षानळींचे बहुतेक सगळे पटले, पण ‘करण्यात आले’ सरसकट हाकलून द्यायला माझा विरोध आहे. एका ठिकाणी ते काम करते.

सलग परिच्छेदात ‘धुतली, वाळवली, गाळला’ असे आले की वाचक नकळत कर्ता भरतो: लेखकांनी. ते बहुतेक वेळा बरोबरही असते. पण समजा नमुने एखाद्या रुग्णालयाने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतले होते, आणि या लेखकांनी ते शीतकपाटातून काढून वापरले. इंग्रजी वाक्य तेच: ‘सॅम्पल्स वेअर कलेक्टेड.’ मी ‘नमुने गोळा केले’ लिहिले तर लेखकांनी स्वतः गोळा केले असे झाले. इथे ‘नमुने गोळा करण्यात आले होते’ हेच प्रामाणिक आहे. ‘होते’ने काळ मागे जातो, ‘करण्यात’ने कर्ता उघडा राहतो. परवानग्या, संमतिपत्रे, वनस्पतीची ओळख पटवणे अशा गोष्टी अनेकदा लेखकांच्या हातून होत नाहीत. तिथेही मी ते राहू देते.

कृत्तिका, तुमच्या निबंधात पाने कोणी गोळा केली ते लिहिले आहे का?

---

कृत्तिका_न

राइनकाठी, नाही. ‘लीव्ह्ज वेअर कलेक्टेड’ एवढेच आहे. त्याच्या पुढच्या वाक्यात, जे मी वर दिले नव्हते, वनस्पतीची ओळख एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या तज्ज्ञांनी पटवली असे आहे. म्हणजे ओळखीचा कर्ता आहे, गोळा करण्याचा नाही.

परीक्षानळी, ‘१० मिलीपर्यंत’ आणि ‘समायोजित’ यांचे काय करू? शब्दवेल्हाळांनी ‘१० मिली डीएमएसओमध्ये’ आणि ‘पातळ’ केले आहे. वाचायला ते सोपे आहे, पण मला शंका येते.

---

परीक्षानळी

शंका रास्त आहे.

मूळात ‘द व्हॉल्यूम वॉज मेड अप टू’ असणार. म्हणजे आधी १ ग्रॅम अर्क मोजपात्रात घातला, मग एकूण आकारमान १० मिलीच्या खुणेपर्यंत येईल इतकेच डीएमएसओ ओतले. अशाने १ मिलीत बरोबर १०० मिलिग्रॅम अर्क येतो. ‘१० मिली डीएमएसओमध्ये विरघळवला’ म्हणजे वेगळे १० मिली मोजून त्यात अर्क घातला. अर्कालाही जागा लागते, एकूण आकारमान १० मिलीच्या वर जाते आणि तीव्रता १०० च्या खाली उतरते. फरक थोडा, पण निबंधाच्या तक्त्यात १०० लिहिलेले आहे आणि आपल्या वाक्यातून १०० निघत नाही. मी असे लिहीन: ‘१ ग्रॅम कोरडा अर्क घेतला आणि एकूण आकारमान १० मिली होईपर्यंत त्यात डीएमएसओ घातले.’ ‘होईपर्यंत’ हा शब्द इथे सगळे काम करतो.

‘समायोजित’चेही तसेच. ०.५ मॅकफारलंड हा गढूळपणाचा ठरलेला दर्जा आहे. बेरियम क्लोराइड आणि सल्फ्युरिक आम्ल मिसळून केलेली गढूळ नळी शेजारी धरायची आणि आपले जिवाणूंचे मिश्रण तिच्याशी ताडून बघायचे. जुळले की मिलीलिटरमध्ये साधारण १.५ × १०^८ जिवाणू आहेत असे धरतात. मिश्रण जास्त गढूळ असेल तर सलाइन घालतात. कमी गढूळ असेल तर आणखी वसाहत मिसळतात. ‘पातळ केले’ म्हटले की दोन्हींपैकी एकच बाजू उरते. ‘मिश्रणाचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंडशी जुळवून घेतला’ असे म्हणा. जिवाणू जास्त पडले तर वर्तुळे लहान येतात, म्हणून या वाक्याचा परिणाम थेट निकालावर आहे.

आता ‘अलाउड टू’. ‘विसरणाची अनुमती’ अर्थातच नको. पण तो अर्थ गाळूही नका. शब्दवेल्हाळांच्या ‘अर्ध्या तासाने ३७ अंशांवर ठेवावे’ यात अर्धा तास उरला, त्या अर्ध्या तासात काय होऊ दिले ते गेले. प्लेट बाहेर ठेवण्याचा हेतूच असा की जिवाणू जोमाने वाढू लागण्याआधी अर्काला आगरमध्ये पसरायला वेळ मिळावा. मराठीत यासाठी ‘ऊ देणे’ आहे: ‘प्लेट्स खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे ठेवून अर्क आगरमध्ये पसरू दिला.’ हाच धडा सगळीकडे लागू आहे. ‘वॉज अलाउड टू कूल’ म्हणजे थंड होऊ दिले. ‘थंड केले’ लिहिलेत तर मुलगा बर्फात नेऊन बुडवेल. स्फटिक करायच्या प्रयोगात सावकाश निवलेले आणि झटक्यात गार केलेले द्रावण यांतून निघणारे स्फटिक वेगळे असतात, मोठे की बारीक ते त्यावरच ठरते. तसेच ‘सेटल’ म्हणजे गाळ खाली बसू दिला. ‘बसवला’ म्हटले की मला तरी सेंट्रिफ्यूज दिसतो.

---

शब्दवेल्हाळ

‘होऊ दिले’ सुंदर आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. पण शब्दांबद्दल मी हटून बसणार. ‘संहत’ नको, ‘आटवला’ हवा. ‘विहिरी’ तर मुळीच नको, विद्यार्थ्याला रहाट दिसेल. आणि ‘उबवणे’ अंड्यांसाठी ठेवा.

---

परीक्षानळी

‘आटवला’ला माझे पूर्ण मत. फक्त ‘कमी दाबाखाली’ त्याला चिकटवून ठेवा. इथेनॉल नेहमीच्या दाबाला ७८ अंशांना उकळते. ४० अंशांना ते उडून जाते ते दाब उतरवल्यामुळे. शब्दवेल्हाळांच्या ‘गाळून आटवावी’त दाबही गेला आणि ४० अंशही. तेवढे वाचून कुणी चंचुपात्र बर्नरवर ठेवले तर आधी वाफ पेटेल, आणि पेटली नाही तरी उष्णतेने बिघडणारे घटक गेलेच.

विहिरीच्या जागी प्रयोगशाळेत आम्ही ‘वेल’च म्हणतो. ‘खळगे’ म्हणता येईल, पण खळगा तळाशी बंद असतो, आणि आगरमधून गोल तुकडा काढल्यावर उरते ते आरपार भोक. ‘गोल भोके’ चालेल. उबवणे मला खटकत नाही, पण ‘३७ अंश सेल्सिअसला २४ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या’ यात कुणाचेच अडत नाही.

---

आडगावकर

परीक्षानळी सर, कळले, फवारणार नाही. एक विचारतो. वर ‘आंधळा निरीक्षक’ लिहिले आहे. वर्तुळ मोजायला आंधळा माणूस कसा ठेवला? का तो मशीनने मोजतो?

---

राइनकाठी

हे विचारलेत ते फार बरे झाले. त्यांना दिसते. फक्त कोणत्या प्लेटमध्ये अर्क आहे आणि कोणत्यात नुसते डीएमएसओ आहे हे त्यांना सांगितलेले नसते. वर्तुळाची कड अनेकदा पुसट असते. १४ मिमी म्हणायचे की १५, हे डोळ्यावर असते. ‘ही अर्काची प्लेट’ हे ठाऊक असले की पट्टी नकळत १५ कडे झुकते. ते टाळायला तसे करतात.

आमच्याकडे ‘अंध’ हा शब्द मी सहभागी लोकांच्या माहितीपत्रात कधीच ठेवत नाही. सरळ सांगते: ‘कोणत्या प्लेटमध्ये काय घातले आहे हे माहीत नसलेल्या व्यक्तीने वर्तुळांचे व्यास मोजले.’ आणि इथे कर्ता लिहायलाच हवा. ‘व्यास मोजले’ म्हटले की, मी वर म्हणाले तसे, लेखकांनी मोजले असे होते आणि ती सगळी खबरदारी वाक्यातून नाहीशी होते. इंग्रजीत ‘बाय’ने कर्ता मुद्दाम आणला असेल तर मराठीत तो कधीच गाळायचा नाही. ‘द्वारे’ मात्र नको, ‘व्यक्तीने’ पुरे.

---

कृत्तिका_न

मग शेवटचे वाक्य. ‘इन ट्रिप्लिकेट अँड रिपीटेड थ्री टाइम्स.’ ‘तिप्पट प्रमाणात’ म्हणजे सगळे जिन्नस तिप्पट घेतले असे वाटते, ते मी काढणारच आहे. पण जागी काय घालू? ‘प्रत्येक नमुन्याच्या तीन-तीन प्लेट्स केल्या आणि संपूर्ण प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी केला’ असे चालेल?

---

परीक्षानळी

‘तीन-तीन प्लेट्स’ ठीक. पण ‘वेगवेगळ्या दिवशी’ कुठून आले? मूळात नाही ना? प्रयोगशाळेत तसे करायची रीत आहे हे खरे, म्हणून ते आपल्याला सुचते. पण त्यांनी एकाच दिवशी तीनदा लावला असेल तर ती त्या निबंधाची उणीव आहे, आणि आपण ती भरून देऊ नये. एकाच कल्चरमधून लावलेल्या तीन प्लेट्स फार तर आपला हात किती स्थिर आहे ते सांगतात. नवे कल्चर घेऊन पुन्हा केलेला प्रयोग निकाल किती टिकतो ते सांगतो. वाचक नेमके हेच शोधत असतो.

---

राइनकाठी

इथे आणखी एक गाठ आहे. ‘रिपीटेड थ्री टाइम्स’ म्हणजे एकूण तीनदा, की पहिला एक आणि वर तीन मिळून चारदा? शब्दशः घेतले तर चार. लिहिणाऱ्यांच्या मनात बहुधा तीन असतात. माझ्या कामात असे आले की मी अनुवाद थांबवून विचारते, कारण संख्येचा प्रश्न आहे.

---

शब्दवेल्हाळ

‘तीनदा करून पाहिला’ लिहा, प्रश्नच मिटतो.

---

राइनकाठी

मिटत नाही. ‘तीनदा करून पाहिला’ म्हणजे एकूण तीन हे आपण ठरवून टाकले. ‘आणखी तीनदा’ म्हटले तर चार ठरवले. मूळ दोन्हीकडे बघते आहे, आणि मराठीत तसे दोन्हीकडे बघणारे वाक्य सहज सापडत नाही. ‘तीनदा पुन्हा केला’ त्यातल्या त्यात जवळ जाते.

---

परीक्षानळी

‘तीनदा पुन्हा केला’ कानाला बोचते, पण मीही तेच ठेवीन. किंवा तक्ता बघा. तक्त्याखाली ‘एन’ किती दिला आहे? ९ असेल तर तीन प्लेट्स गुणिले तीन वेळा, म्हणजे एकूण तीन. १२ असेल तर चार. निबंधातल्याच आकड्यावरून अर्थ लावला तर आपण मनाचे काही घातले असे होत नाही.

---

कृत्तिका_न

तक्त्याखाली ‘एन = ३’ आहे. त्यावरून तीन प्लेट्स की तीन प्रयोग हेही कळत नाही. लेखकांना ईमेल केला आहे. तोवर हा मसुदा:

> निर्गुडीची पाने गोळा करण्यात आली. त्यांची ओळख एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या तज्ज्ञांनी पटवली. पाने वाहत्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवली आणि त्यांची पूड केली. ५० ग्रॅम पूड २५० मिली ७० टक्के इथेनॉलमध्ये, अधूनमधून हलवत, ४८ तास मुरत ठेवली. अर्क गाळून घेतला आणि कमी दाबाखाली ४० अंश सेल्सिअसला आटवला. १ ग्रॅम कोरडा अर्क घेतला आणि एकूण आकारमान १० मिली होईपर्यंत त्यात डीएमएसओ घातले. जिवाणूंच्या मिश्रणाचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंडशी जुळवून घेतला. हे मिश्रण बोळ्याने प्लेट्सवर पसरले, आगरमध्ये ६ मिमी व्यासाची गोल भोके पाडली आणि प्रत्येक भोकात १०० मायक्रोलिटर अर्क घातला. प्लेट्स खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे ठेवून अर्क आगरमध्ये पसरू दिला आणि मग त्या ३७ अंश सेल्सिअसला २४ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. कोणत्या प्लेटमध्ये काय घातले आहे हे माहीत नसलेल्या व्यक्तीने, जिवाणू न वाढलेल्या वर्तुळांचे व्यास मोजले. प्रत्येक प्रयोगात तीन-तीन प्लेट्स लावल्या आणि प्रयोग तीनदा पुन्हा केला.

---

शब्दवेल्हाळ

फार चांगले झाले आहे. पण ‘पाने गोळा करण्यात आली’ हे पहिलेच वाक्य उरले ते मला अजूनही बोचते. निबंध लेखकांचा, पाने त्यांचीच असणार. ‘पाने गोळा केली’ लिहायला काय हरकत?

---

राइनकाठी

‘असणार’ हीच हरकत. पुढच्याच वाक्यात ओळख दुसऱ्यांनी पटवली आहे, मग पानेही त्यांनीच आणून दिली असतील. लेखकांना ईमेल गेलाच आहे, त्यात हेही विचारा. त्यांनी ‘आम्ही’ म्हटले की बदला.

---

परीक्षानळी

मी इथे शब्दवेल्हाळांच्या बाजूने. पाने कोणी तोडली यावर निकाल अवलंबून नाही. कुठून आणि कोणत्या महिन्यात तोडली यावर आहे, कारण पानांतली रसायने ऋतूप्रमाणे बदलतात, आणि ते निबंधात दिसत नाही. ताई, ईमेल करणारच असाल तर ठिकाण आणि महिना विचारा. आणि ‘जिवाणू न वाढलेल्या वर्तुळांचे व्यास’ याबद्दल एक: भोकाचे ६ मिमी धरून मोजले की वगळून, हेही मूळात बघा. धरून मोजले असेल तर निष्प्रभ अर्काचाही आकडा ६ येतो, शून्य नाही.

---

कृत्तिका_न

बघितले. डीएमएसओच्या रकान्यात सगळीकडे ६ आहे, म्हणजे धरूनच मोजले असणार, पण पद्धतीत तसे म्हटलेले नाही. मी वाक्यात काही घालत नाही, तक्त्याखाली ‘अनुवादकाची टीप’ म्हणून वेगळे देते. ठिकाण, महिना, पाने कोणी गोळा केली आणि तीन की चार, असे चारही प्रश्न लेखकांकडे पाठवले आहेत. उत्तर आले की इथे लिहिते.